दिवाळीच्या सुट्ट्या धरून काम संपण्याची तारीख काढताना

एक्सेलमध्ये सुरुवातीच्या तारखेत नुसते दिवस मिळवले, तर रविवार आणि सणही कामाचे धरले जातात. दिलेली तारीख मग हमखास हुकते.

१. बाजूच्या H रकान्यात H2 पासून खाली सुट्ट्यांच्या तारखा लिहा.
२. A2 मध्ये सुरुवात, B2 मध्ये कामाचे दिवस.
३. C2 मध्ये हे सूत्र टाका आणि त्या घराला तारखेचा फॉरमॅट द्या:

```
=WORKDAY.INTL(A2-1,B2,11,$H$2:$H$20)
```

यातला 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी. शनिवार-रविवार दोन्ही बंद असतील तर 1 लिहा. दुसरा-चौथा शनिवार बंद असेल, तर त्यासाठी वेगळा आकडा नाही; 11 ठेवून त्या शनिवारांच्या तारखा H मध्येच घाला.

A2-1 विसरू नका, कारण हे सूत्र सुरुवातीचा दिवस मोजतच नाही.

उदाहरणार्थ, १५ ऑक्टोबर २०२५ ला सुरू होणारं दहा दिवसांचं काम घ्या. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज म्हणजे २१, २२, २३ सुट्टी. साध्या बेरजेने २५ तारीख येते, या सूत्राने २९. वजा एक लिहायचं राहून गेलं तर ३०. चौथा शनिवार, म्हणजे २५ तारीख, यादीत घातला की २९ चीही ३० होते.

सूत्र खाली ओढण्याआधी H च्या पत्त्यातली $ चिन्हं तपासा. ती नसतील तर यादी प्रत्येक ओळीगणिक एकेक घर खाली सरकते आणि वरच्या सुट्ट्या गळतात. एररही दिसत नाही, म्हणून मी शेवटच्या ओळीतलं सूत्र उघडून बघतेच.