आबांचा पितळी नळ

आबा गेल्यावर जुन्या न्हाणीत दादाला क्रोमचा मिक्सर हवा होता. मी म्हटलं, आबांचा पितळी नळ हलणार नाही. दोन दिवस अबोला. नळ गळत होता, हेही खरंच.

शेवटी मेन कॉक बंद करून मी पान्याने नळाचं डोकं उघडलं. वायसर झिजून त्यात खड्डा पडलेला. नवा बसवला, तरी थेंब थेंब चालूच! दादा गालात हसला, मग स्वतःच आत बोट फिरवून म्हणाला, "अरे, वायसर टेकतो तिथे क्षार साचलाय." त्याने पॉलिश पेपरने तो घासला. गळती थांबली.

मिक्सरला गरम पाण्याची वेगळी लाइन लागते, म्हणजे भिंत फोडणं आलं. तो बेत दादानेच सोडला. शॉवर मात्र त्याच्या पसंतीचा. त्याला गार पाण्याची जुनी लाइन पुरते.