सरासरी काही केल्या थांबेना

दोन सेन्सरच्या गोंगाटाचं गुणोत्तर तपासत होतो. दोन्ही नॉर्मल, सरासरी शून्य, विचलन 1. `x/y` ची चालती सरासरी हळूहळू शून्याकडे येईल, असं धरून चाललो होतो. ती यायची, आणि मध्येच उडी मारायची. आधी कोडवर संशय घेतला, सीड बदलून पाहिलं. व्यर्थ!

मग उडीच्या जागेचा आकडाच काढून पाहिला. `y` होता 0.00004, `x` 1.2, म्हणजे गुणोत्तर 30,000. दहा हजार नमुन्यांत हा एकटा सरासरीला 3 ने ढकलतो. नमुने वाढवले की असा, किंवा याहून मोठा, पुन्हा येतोच.

हे कॉशी वितरण. याची शेपटं इतकी जड, की सरासरीच्या व्याख्येतलं धन बाजूचं इंटिग्रल अनंत आणि ऋण बाजूचंही. त्यामुळे सरासरी अस्तित्वातच नाही. गंमत म्हणजे, n नमुन्यांची सरासरी एका नमुन्याइतकीच पसरलेली राहते.

शेवटी मध्यक घेतला:

```
np.median(x / y)
```

दहा हजार नमुन्यांत त्याची प्रमाण त्रुटी π/(2√n), म्हणजे सुमारे 0.016. टोकाचे आकडे कापून सरासरी घेण्याचा मोहही झाला होता, पण मग उत्तर कात्री कुठे लावली त्यावर ठरतं. पसाऱ्यासाठी विचलनाऐवजी चतुर्थकांमधलं अंतर घेतलं. ते 2 च्या आसपास स्थिरावलं.