फायर हौदाचे 75,000 लिटर मोजायचे कुठून कुठपर्यंत?

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे आता बारा-बारा मजले उठतायत. साइटवर नव्याने आलेल्या इंजिनिअरला किंवा फायरच्या एजन्सीत नुकत्याच लागलेल्या पोराला पहिल्या महिन्यातच फायरचा हौद बघायला पाठवतात. ड्रॉइंगवर 75,000 लिटर लिहिलेलं असतं, हौद भरलेला दिसतो आणि टिक मारली जाते. इथेच फसगत होते. हौदात किती पाणी मावतं यापेक्षा त्यातलं किती पाणी पंप उचलू शकतो, हे महत्त्वाचं.

उदाहरणाला 36 मीटर उंचीची राहती इमारत घेऊ. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 प्रमाणे 35 ते 45 मीटरच्या राहत्या इमारतीला वेट रायझर, म्हणजे कायम पाण्याने भरलेला उभा पाइप लागतो, खाली 75,000 लिटरचा हौद आणि गच्चीवर 5,000 लिटरची टाकी. मुख्य पंप मिनिटाला 2,280 लिटरचा, आणि जोडीला प्रेशर धरून ठेवणारा 180 लिटरचा छोटा जॉकी पंप. हे किमान आकडे झाले. अग्निशमन विभागाच्या एनओसीच्या पत्रात जास्त लिहिलं असेल तर पत्रातला आकडा धरायचा, म्हणून डिझाइनला बसण्याआधी पत्र हातात पाहिजे. 75,000 ला 2,280 ने भागलं की साधारण 33 मिनिटं येतात. बाहेरून मदत पोहोचून पाणी जोडेपर्यंत एवढाच वेळ आपल्या हातात.

आता हौद. कोडप्रमाणे तो दोन कप्प्यांचा, मधे जोडपाइप असलेला हवा, म्हणजे एक कप्पा धुताना दुसरा भरलेला राहतो. समजा प्रत्येक कप्पा आतून 5 मीटर बाय 3 मीटर आहे. दोन्हींचं मिळून क्षेत्रफळ 30 चौरस मीटर. 75 घनमीटरला 30 ने भागलं की 2.5 मीटर येतात. ही नुसती पाण्याची उपयोगी खोली आहे. पंप हौदाच्या वरच्या पातळीवर असेल तर ओढपाइपच्या खालच्या टोकाचा, पाणी परत खाली न सोडणारा फूट व्हॉल्व्ह तळापासून थोडा उचललेला असतो आणि त्याच्या डोक्यावर थोडं पाणी शिल्लक लागतं, नाहीतर भोवरा होऊन पंप हवा ओढतो. त्यासाठी तळाचे 45 सेंटिमीटर सोडा. ओव्हरफ्लोच्या वर स्लॅबपर्यंत 30 सेंटिमीटर मोकळे ठेवा. म्हणजे आतली उंची 3.25 मीटर झाली.

ज्याने सरळ 2.5 मीटर आतली उंची धरून हौद बांधला, त्याच्याकडे उपयोगी खोली 1.75 मीटर, म्हणजे 52,500 लिटर उरतात. 33 मिनिटांची 23 मिनिटं झाली, आणि कागदावर आकडा तोच! फूट व्हॉल्व्हखाली तळात छोटा खड्डा केला तर वाया जाणारी उंची बरीच वाचते. खोदकामात काळा दगड लागला असेल तर हा उपाय स्वस्त पडतो. जागा असेल तर पंप रूमच खाली घेऊन पाणी आपसूक पंपात येईल अशी रचना करावी. तिथे फूट व्हॉल्व्हची कटकट राहत नाही. मात्र पंपाच्या केसिंगच्या माथ्यावरचं पाणीच हिशेबात धरायचं.

आपल्याकडची खरी अडचण टंचाईची. एप्रिल-मेमध्ये नळाला आठवडा-आठवडा पाणी नसतं, बोअर आटतो आणि सोसायटीच्या डोळ्यांसमोर पाऊण लाख लिटर पाणी पडून असतं. कोणीतरी वापराच्या पंपाचा पाइप फायरच्या हौदात सोडतोच. सूचनांचे बोर्ड लावून हे थांबत नाही, बांधकामातच थांबवावं लागतं. टँकर, नळ, बोअर, सगळं पाणी आधी फायरच्या पहिल्या कप्प्यात पडलं पाहिजे. तिथून जोडपाइपने दुसऱ्यात जायचं आणि दुसऱ्याच्या ओव्हरफ्लोतून वापराच्या हौदात. वापराची मोटर फक्त वापराच्या हौदात. यात फायरचं पाणी कायम पूर्ण राहतं आणि रोज हलतं, त्यामुळे कुजत नाही. हा ओव्हरफ्लो तोटीएवढा बारीक ठेवू नका. टँकर जोरात रिकामा होतो आणि पाणी मॅनहोलमधून वर येतं. हौदाचा स्लॅब गाड्यांच्या वाटेवर असेल तर कोड 45 टनांचा भार धरायला सांगतो. टँकर त्याच स्लॅबवर उभा राहणार, हे स्ट्रक्चरवाल्याला वेळेत सांगा.

गच्चीवरच्या टाकीत चूक बहुतेक वेळा आउटलेटला होते. बाजारातून 5,000 लिटरची प्लास्टिकची टाकी आणायची आणि तिच्या तयार बारीक आउटलेटलाच रायझर जोडायचा, असं प्लंबर सर्रास करतात. रायझर मोठा आणि त्याला पाणी देणारं तोंड बोटभर! टाकीला मोठा फ्लँज बसवून, पुढे व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, घेऊन रायझर जोडायचा. एनआरव्हीवरचा बाण टाकीकडून रायझरकडे हवा. खालून पंप चालू झाला की पाणी टाकीत चढू नये, एवढंच त्याचं काम.

हा एनआरव्ही नादुरुस्त झाला की खूण स्पष्ट दिसते. आग नाही, कुठे गळती नाही, तरी जॉकी सारखा चालू-बंद होतो आणि गच्चीवरच्या फायर टाकीचा ओव्हरफ्लो वाहत राहतो. लोक फ्लोट व्हॉल्व्ह बदलत बसतात. टाकीचा भरायचा व्हॉल्व्ह बंद करा. तरीही ओव्हरफ्लो वाहत असेल तर पाणी खालून येतंय. मग एनआरव्ही उघडून बघा, बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर झडपेच्या बैठकीवर बसलेला सापडतो.

पंप रूममधला गेजही पुष्कळ सांगतो. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो प्रेशर. आपल्या इमारतीत टाकीतलं पाणी गेजपासून 40 मीटर वर असेल तर नुसत्या टाकीच्या वजनाने गेज 4 दाखवेल. कोडला सर्वांत वरच्या हायड्रंटवर 3.5 किलो हवेत, म्हणून जॉकीने धरलेलं प्रेशर 8 च्या आसपास असतं. काटा 4 वर येऊन स्थिर असेल तर जॉकी बंद पडलाय, किंवा कोणीतरी पॅनेल ऑटोवरून मॅन्युअलवर टाकलंय. काटा शून्यावर असेल तर वरचा व्हॉल्व्ह बंद आहे किंवा टाकीच रिकामी आहे. वॉचमनला एवढं शिकवलं तरी महिन्याभराचे घोटाळे दिवसात कळतात.

आठवड्याला मुख्य पंप आणि वीज गेल्यावर चालणारा डिझेल पंप टेस्ट लाइनवर चालवायचे, पाणी परत हौदात सोडून. व्हॉल्व्ह बंद ठेवून चालवले तर तेच पाणी केसिंगमध्ये घुसळून तापतं. ओढपाइप पाण्याने भरलेला ठेवणारी प्रायमिंग टाकी असेल तर तिच्यावर लक्ष ठेवा. ती आपोआप रिकामी होत असेल तर फूट व्हॉल्व्ह गळतोय, आणि ऐन वेळी पंप नुसता घरघरेल.

हौद धुवायची वेळ दिवाळीनंतर, डिसेंबरच्या आत धरा. मेमध्ये रिकामा केला तर भरायला पाणी नाही. भर पावसाळ्यात केला तर काळ्या मातीत साचलेलं पाणी रिकाम्या हौदाला खालून उचलायला बघतं. म्हणूनही दोन्ही कप्पे एकदम उपसायचे नाहीत. महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो, तेव्हा जानेवारीच्या फॉर्मआधी हे काम उरकलेलं बरं. आधी जोडपाइपचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दुसऱ्या कप्प्यातून पंप पाणी उचलतोय याची खात्री करा. दोन्ही मॅनहोल उघडून ब्लोअरने हवा खेळवल्याशिवाय माणूस उतरवू नका. वर दोरी धरून एक जण सतत उभा हवा. डिझेलचा उपसा पंप आत ठेवायचा नाही, त्याचा धूर खाली साचतो आणि माणूस आवाजही न करता पडतो.

गाळ काढून झाला की कप्पा भरताना पातळीची खूण भिंतीवर रंगाने करा. दोन खुणा पुरतात, एक ओव्हरफ्लोची आणि एक पंप ओढणं थांबवेल ती. पुढच्या माणसाला या दोन रेघांमध्येच 75,000 लिटर मोजायचे आहेत.