तीन-तीन महिन्यांच्या सर्वेच्या कामांचा एक सलग रेझ्युमे कसा बनवायचा

आपल्याकडं बीड, लातूर, धाराशिव, नांदेड कुठंबी बघा, एमएसडब्ल्यू नाहीतर साधं बीए करून सर्वेची कामं करणारी पोरं-पोरी भरपूर आहेत. पाणलोटाचा बेसलाइन तीन महिने, मग आरोग्याचा सर्वे सहा महिने, मधी एखाद्या शेतकरी कंपनीची डाटा एंट्री, मग परत कुठल्यातरी एजन्सीचा फोन येतो की परवापासून ट्रेनिंग आहे या. काम संपलं की टॅब परत, ओळखपत्र परत, आणि पाच वर्षांनी रेझ्युमे लिहायला बसलं की दहा नोंदी होतात अन् वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस कुठंच टिकत नाही. मी गेली काही वर्षं संभाजीनगरात फिल्ड टीम निवडायचं काम करतो, असे रेझ्युमे रोज हातात येतात, आणि बऱ्याच वेळा माणूस चांगला असतो पण कागद त्याला पाडतो. म्हणून एका ताईचा रेझ्युमे आम्ही दोघांनी बसून कसा नीट केला ते सगळं सांगतो, त्यात पद्धत येऊन जाईल.

ताई अंबाजोगाईकडची, २०१८ ला एमएसडब्ल्यू झालेली. तिला एका संस्थेत देखरेख आणि मूल्यमापनाच्या टीमात फिल्ड सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. तीन पानांचा रेझ्युमे होता, दहा कामं, प्रत्येकाखाली तीच ओळ: "माहिती गोळा करणे व अहवाल देणे". ती म्हणली, "दादा, मी कामं तर लई केली पण कागदावर सगळं इस्कटल्यासारखं दिसायलंय."

पहिलं काम वहीत

रेझ्युमेची फाइल उघडायच्या आधी वही घ्या आणि सगळी कामं तारखेनं लिहून काढा, लाज वाटणारी सुद्धा. प्रत्येक कामापुढं कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, पैसे कुणी दिले, काम कुणाचं होतं, गावं किती, फॉर्म किती, हाताखाली माणसं होती का, एवढंच.

तारखा आठवत नाहीत ही सगळ्यांची अडचण असते. तर पैसे बँकेत आले असतील तर स्टेटमेंट काढा, आणि एजन्सीनं टॅक्स कापून पैसे दिले असतील तर इन्कम टॅक्सच्या साइटवर पॅननं लॉगिन करून 26AS काढा, त्यात त्या वर्षी कुणी कुणी पैसे दिले, नाव आणि तारीख सगळं दिसतं. फक्त एक ध्यानात ठेवा, ती तारीख पैसे दिल्याची असते, कामाची नाही, आणि आपल्या धंद्यात पैसे काम झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी येतात हे तुम्हाला माहितीच आहे. (उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेच्या आत असेल तर तो कापलेला पैसा रिटर्न भरून परत मिळतो, लई जण तसाच सोडून देतात.) जिथं पीएफ कापला होता तिथं पीएफच्या पोर्टलवर UAN नं लॉगिन करून View मधलं Service History बघा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथं असते. मोठी संस्था पुढं पडताळणी करताना हीच नोंद बघू शकते, म्हणून रेझ्युमेवरची तारीख तिच्याशी जुळलीच पाहिजे.

ताईच्या वहीत निघालं ते असं: पाणलोट बेसलाइन ३ महिने, खाजगी शाळेत बदली शिक्षिका २ महिने, आरोग्य सर्वे ६ महिने, शेतकरी कंपनीची सभासद नोंदणी ४ महिने, कोरोनात घरून फोनवर सर्वे ३ महिने, बचत गटांच्या संस्थेत ११ महिन्यांचा करार, प्रश्नावल्यांचं मराठी भाषांतर ३ महिने, ऊसतोड कुटुंबांच्या सर्वेत सुपरवायझर ६ महिने, बॅक-चेक आणि ट्रेनिंग ७ महिने, आणि विम्याची एजंटगिरी ४ महिने.

मग महिने मोजा

इथं खरी गोष्ट उलगडते. पाणलोट, आरोग्य, फोन सर्वे, भाषांतर, ऊसतोड, बॅक-चेक हे सगळं एकच काम आहे, सर्वेचं. ३ + ६ + ३ + ३ + ६ + ७, म्हणजे २८ महिने. भाषांतर वेगळं वाटतं पण ते प्रश्नावलीचंच होतं आणि प्रश्न फिल्डवर कसा विचारला जाईल हे माहीत असल्याशिवाय ते जमत नाही, त्यामुळं ते ह्यातच. म्हणजे ही पोरगी दहा ठिकाणी भटकलेली नाही, तिनं २८ महिने एकच काम सहा प्रकल्पांवर केलंय आणि त्यात ती फॉर्म भरणारीपासून दुसऱ्याचे फॉर्म तपासणारी झालीय. हे वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे.

म्हणून सहा नोंदींची एकच नोंद केली. शीर्षक असं:

स्वतंत्र क्षेत्र-सर्वेक्षक व पर्यवेक्षक, बीड आणि धाराशिव जिल्हे
जुलै २०१८ ते डिसेंबर २०२३, प्रकल्पनिहाय, प्रत्यक्ष काम २८ महिने

"प्रत्यक्ष काम २८ महिने" हे शब्द मी मुद्दाम घालायला लावले. नुसतं २०१८ ते २०२३ लिहिलं तर सलग साडेपाच वर्षं असं वाटतं, आणि मुलाखतीत कुणी महिने विचारले की खोटं पडतं. आणि नुसतं "फ्रीलान्सर" असं कधीच लिहू नका, त्यावरनं कशाचं काम ते कळत नाही आणि बरेच जण तो शब्द घरी बसला होता असाच वाचतात. कामाचं नाव आधी, स्वतंत्र हा शब्द त्याला जोडून.

त्याखाली सहाही प्रकल्प, नवं वर आणि जुनं खाली, प्रत्येकाला महिना-वर्ष. पण जागा सारखी द्यायची नाही. सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज होता म्हणून ऊसतोड सर्वे आणि बॅक-चेकला दोन-दोन ओळी, बाकीच्यांना एक-एक.

कुणाचं नाव लिहायचं

इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात. आपल्या कामात साखळी असते: पैसा एकाचा, प्रकल्प दुसऱ्याचा, सर्वे तिसऱ्या एजन्सीकडं, आणि ती एजन्सी चौथ्याकडून माणसं घेते. पोक्रा घ्या, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, प्रकल्प राज्य सरकारचा, त्याला जागतिक बँकेचं कर्ज. आता त्याच्यासाठी एखाद्या एजन्सीमार्फत फॉर्म भरलेला पोरगा रेझ्युमेवर "जागतिक बँकेत काम केले" असं लिहितो. मी असे रेझ्युमे बघितलेत आणि विचारलं की तिथं तुमचे वरिष्ठ कोण होते तर गप्प. पोरगं खोटारडं नसतं, त्याला वाटतं मोठं नाव दिसलं पाहिजे.

नियम साधा ठेवा: तुम्हाला ज्यानं पैसे दिले तो तुमचा नियोक्ता, त्याचं नाव आधी, प्रकल्पाचं नाव नंतर. "अमुक एजन्सीमार्फत, तमुक प्रकल्पाचा बेसलाइन सर्वे". मोठं नाव येतंच, फक्त खऱ्या जागी येतं. ताईचा बचत गटाचा ११ महिन्यांचा करार असाच होता, काम संस्थेत पण पगार आणि पीएफ मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचा. पीएफच्या नोंदीत एजन्सीचंच नाव होतं आणि रेझ्युमेवर फक्त संस्थेचं, पडताळणीत हे जुळलं नसतं. ते बदलून एजन्सीमार्फत असं केलं आणि ही नोंद वेगळी ठेवली, कारण तो पगारी पूर्णवेळ करार होता, स्वतंत्र काम नाही. तो २०२१ चा, म्हणजे वरच्या मोठ्या नोंदीच्या मधीच येतो, पण प्रकल्पांना महिने दिलेले असल्यामुळं दोन्हीचा गोंधळ होत नाही.

ओळीत काय भरायचं

"माहिती गोळा करणे" ह्यातनं मला काहीच कळत नाही. टीम निवडताना मी चार गोष्टी शोधतो: किती घरं किंवा गावं, कोणत्या ॲपवर, हाताखाली किती माणसं, आणि चूक सापडली तर काय केलं. ताईची ऊसतोडची नोंद आधी एक ओळ होती, नंतर अशी झाली:

ऊसतोड कुटुंबांचा सर्वे, ऑगस्ट २०२२ ते जानेवारी २०२३. सहा सर्वेक्षकांची टीम, कोबोवर फॉर्म, रोज संध्याकाळी प्रत्येकाचे फॉर्म तपासून चुकलेले दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेतले.
कुटुंबं कारखान्यावर निघून जाण्याआधी गावात गाठायची म्हणून गावांचा क्रम बदलला आणि उरलेली घरं फडावर जाऊन पूर्ण केली.

दुसरी ओळ तिला लिहायचीच नव्हती, म्हणली हे तर सगळेच करतात. पण ज्यानं दिवाळीच्या आसपास बीडमधी सर्वे केलाय त्यालाच हे सुचतं, आणि मला तर त्या एका ओळीवरनं माणूस कळतो. आकडा मात्र आठवत असेल तेवढाच लिहा, ३८० घरं होती तर ३८०, नक्की माहीत नसेल तर गावांची संख्या द्या.

फिल्डवरचा भरलेला फॉर्म, कुटुंबांची नावं, टॅबचे स्क्रीनशॉट नमुना म्हणून जोडू नका. लोकांनी ती माहिती गुप्त राहील म्हणून दिलेली असते, आणि असं काही जोडलेलं दिसलं की मी तो अर्ज बाजूलाच ठेवतो.

काय सोडायचं

विमा काढून टाकला, त्या चार महिन्यांत दुसरं कामही होतंच. शाळेची दोन महिने आणि शेतकरी कंपनीची चार महिने ही "इतर काम" म्हणून शेवटी एका ओळीत. हीच ताई उद्या उपजीविकेच्या किंवा बचत गटाच्या जागेला अर्ज करील तेव्हा तो ११ महिन्यांचा करार आणि शेतकरी कंपनी वर येतील अन् सर्वे खाली जाईल, म्हणून वहीतली पूर्ण यादी फाडू नका, रेझ्युमे दर वेळी तिच्यातनंच काढायचा.

तारखा गाळून नुसती कौशल्यं लिहायचा सल्ला पण फिरत असतो. मला तो पटत नाही. तारखा नसल्या की वाचणारा काहीतरी लपवलंय असंच धरतो, आणि दोन सर्वेंच्या मधले रिकामे दोन-तीन महिने ह्या क्षेत्रात सगळ्यांनाच असतात, त्याचा खुलासा लिहायची गरज नाही. सहा महिन्यांच्या वर खंड असेल तर एक ओळ पुरते, घरचं आजारपण, बाळंतपण, परीक्षेची तयारी, जे असेल ते.

पत्र शेवटच्या दिवशीच

एजन्सी प्रकल्पापुरतं ऑफिस उघडते आणि काम झालं की ऑफिस बंद होतं, सरांचा नंबर पण बदलतो. म्हणून टॅब परत देताना त्याच दिवशी पत्र मागा, आणि मागताना मजकूर तुम्हीच टाइप करून न्या: तुमचं नाव, प्रकल्प, पहिली आणि शेवटची तारीख, काय काम केलं. सर सही-शिक्का मारून देतात, कोऱ्या कागदावर लिहा म्हणलं तर ते राहून जातं. पत्र नसलेल्या जुन्या कामांसाठी त्या वेळच्या सुपरवायझरला मेल करा आणि त्यात तारखा व काम लिहून "हे बरोबर आहे का एवढं कळवा" म्हणा, त्यांचं उत्तर आलं की ते पीडीएफ करून ठेवा. ताईला सहापैकी चार प्रकल्पांची पत्रं मिळाली, पाचव्याला मेलवर उत्तर आलं, आणि पाणलोटच्या बेसलाइनसाठी २०१८ चं बँक स्टेटमेंट आणि ट्रेनिंगचं हजेरीपत्रक लावून ठेवलं.