नुसत्या पाण्यानं मटणाचं पातेलं का निघत नाही? भांडी घासताना या चुका टाळा

माझा भाचा टिळकवाडीत खोली घेऊन राहतोय, कॉलेजचं पहिलंच वर्ष. डिसेंबरातल्या एका रविवारी पोरांनी मिळून मटण केलं आणि सोमवारी सकाळी सातला याचा फोन, "मामा, तीन वेळा धुतलो की पातेलं, अजून मेण लावल्यागत लागतंय हाताला." कसं धुतलास म्हटलं तर आधी नळाच्या पाण्यानं, मग गरम पाण्यानं, मग बादलीभर पाण्यात जरासं लिक्विड टाकून. तिन्ही वेळा चुकलाच, पण प्रत्येक वेळी वेगळ्या कारणानं.

आधी नुसतं पाणी का हरतं ते बघू. पाण्याच्या रेणूची एक बाजू जराशी धन असते आणि दुसरी जराशी ऋण, त्यामुळं ते एकमेकांना घट्ट धरून असतात. तेलातुपाच्या रेणूला तसं धरायला काही नसतं. पाणी तेलाला ढकलून देतं असं बरेच जण समजतात, तसं नाही, पाणी आपापसातच इतकं गुंतलेलं असतं की तेलाला मध्ये जागा मिळत नाही. खानापूरच्या वडापात एकाच गावची दहा माणसं दाटीवाटीनं बसून गप्पा मारत असतील तर अकरावा बाहेरचा माणूस दारातच लोंबकळणार ना, तसंच. मग तेल बसतं पातेल्याला धरून आणि पाणी वरून ओघळून जातं.

लिक्विडमधला साबणाचा रेणू लांबट असतो. त्याचं डोकं पाण्यात रमतं आणि शेपूट तेलाच्याच जातीचं, म्हणून ते तेलात घुसतं. लाखो शेपट्या चरबीत आणि डोकी बाहेर पाण्यात, असं झालं की पाण्याला चरबी आणि स्टील यांच्या मधल्या फटीत शिरता येतं, चरबीचा थर कडेनं सुटायला लागतो, आक्रसतो आणि त्याचा गोल थेंब होतो. घासणीचा एक फटका बसला की थेंब सुटून पाण्यात. तिथंही तो परत चिकटत नाही, कारण त्याच्याभोवती सगळी डोकीच असतात आणि बहुतेक लिक्विडमध्ये त्यांच्यावर ऋण भार असतो, त्यामुळं दोन थेंब जवळ आले की एकमेकांना लांब सारतात. बघायचं असेल तर दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत अर्धा ग्लास पाणी आणि चमचाभर शेंगतेल, एकात चार थेंब लिक्विड, दोन्ही ढवळा. साध्या ग्लासातलं तेल मिनिटाभरात वर येऊन बसतं, दुसरा दुधासारखा पांढुरका होऊन बराच वेळ तसाच राहतो. तो पांढुरकेपणा म्हणजेच तेलाचे बारीक बारीक थेंब.

आता भाच्याच्या चुका. पहिली, गार पाणी. मटणाची चरबी साधारण 40 ते 50 अंशांच्या आसपास वितळते, तूप त्याच्या बरंच आधी, आणि थंडीत सकाळी टाकीतलं पाणी असतं बर्फागत. मग चरबी घट्ट मेण होऊन बसते, तिच्यात शेपट्या शिरणार कुठून? शेंगतेलाची कढई गार पाण्यातही निघते, मटणाचं पातेलं नाही निघत, कारण एवढंच.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. भाच्यानं नुसतं कडकडीत पाणी ओतलं, चरबी वितळून वर तरंगली, त्याला वाटलं निघाली. ओतून देताना तोच तवंग परत पातेल्याच्या कडेला, बाजूच्या ताटांना आणि मोरीच्या पाइपात लागला, आणि गार झाल्यावर जिथल्या तिथं गोठला. गरम पाणी चरबी पातळ करतं, पण तिला धरून ठेवत नाही, धरायला साबणच लागतो. दोन्ही एकाच वेळी पाहिजेत. (मोरी तुंबली की घरमालकाची बोलणी कोण खाणार, तोच.)

तिसरी चूक बादलीची, आणि ही मी चांगल्या घरांतही बघतो. 10 लिटरच्या बादलीत चमचाभर लिक्विड टाकलं की साबण इतका पातळ होतो की चरबीला वेढून धरायला पुरेसे रेणूच उरत नाहीत. ठरावीक दाटपणाच्या वर गेलं तरच साबणाचे रेणू गोळा होऊन शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळे करतात, आणि त्या गोळ्यांच्या पोटात तेल जातं. तोच चमचा एका वाटीत साधारण 200 मिली पाण्यात मिसळा, साबण 50 पट दाट होतो. पातेलं आधीच पाण्यानं भरलेलं असेल तर त्यावर लिक्विड ओतणं म्हणजे तेच, ते रिकामं करून मग घासणीवर घ्या.

मग मी त्याला सांगितलो ते असं. पातेलं गारच राहू दे, घट्ट चरबी चमच्यानं खरवडून जुन्या पेपरात पूस आणि पेपर कचऱ्यात टाक, निम्मं काम तिथंच झालं. मग हाताला सोसेल इतपत गरम पाणी वाटीत घे, त्यात चमचाभर लिक्विड, घासणी बुडवून आधी कडा आणि मग तळ घास, दोन मिनिटं तसंच ठेव, परत एकदा घास, शेवटी भरपूर पाण्यानं विसळ, पहिलं विसळणं तरी कोमट पाण्यानंच. दहा मिनिटांत निघालं म्हणाला.

निघालं की नाही हे बोटापेक्षा पाण्यावरून लवकर कळतं. स्वच्छ स्टीलवरून पाणी सलग पडद्यासारखं उतरतं, ओशटपणा राहिला असेल तिथं त्याचे वेगवेगळे ठिपके होतात.

फेसाबद्दलही बोलायला हवं, कारण आमच्याकडं "फेस आला नाही, चांगला नाही" म्हणून बाटल्या बदलणारी माणसं आहेत. फेस म्हणजे साबणाच्या पातळ पडद्यात अडकलेली हवा, तो स्वतः तेल काढत नाही. पण घासताघासता फेस अचानक मेला तर घासणीवरचा साबण तेलानं संपवला असं समजा आणि थोडा नवा घ्या. आमच्या बोरच्या जड पाण्यात फेस तसाही कमी येतो. कपड्याचा जुना तेलाचा साबण भांड्याला लावला तर या पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची पांढरी साय धरते आणि तीच भांड्याला चिकटते. भांड्याच्या लिक्विडला हा त्रास कमी होतो. वाळल्यावर राहणारे पांढरे डाग मात्र चरबी नव्हे, चुन्याचे. बोट फिरवल्यावर खरखरीत लागलं तर चुना, घसरलं तर तेल. चुन्याला साबण कितीही लावा, तो जायचा नाही, लिंबाची फोड चोळा.

प्लास्टिकच्या डब्याचं गणित वेगळं. प्लास्टिक स्वतःच तेलाच्या जातीचं, म्हणून तेल त्याला जास्त धरून बसतं, दोनदा घासावंच लागतं. रस्श्याचा लाल रंग तर तेलाबरोबर आत मुरलेला असतो, तो साबणानं निघत नाही, डबा दोन-तीन दिवस उन्हात ठेवला की फिका पडतो. आणि तव्यावर जळून काळं झालेलं तेल हे तेल राहिलेलंच नसतं, त्याचं कडक कवच झालेलं असतं, तिथं लिक्विड ओतत बसू नका, सोडा लावून भिजत ठेवा आणि तारेच्या घासणीनं घासा. ॲल्युमिनियमला मात्र सोडा नको, काळं पडतं.