प्रत्येक मेलला साहेब सीसीत? उत्तर देताना या चुका टाळा

पणजीच्या पाटोवरचं एक कार्यालय घेऊ. परचेसमध्ये एक तरुण आहे आणि अकाउंट्समध्ये त्याच्याहून बऱ्याच ज्येष्ठ एक ताई. सकाळी मेल येतो: 'कालच्या बिलावर जीआरएन नंबर नाही. हे आधीही सांगितले आहे. कृपया लक्ष द्यावे.' सीसीत मॅनेजर. परवा पीओची, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरची, प्रत जोडायची राहिली होती, तेव्हाही सीसीत मॅनेजरच होते. जे काम फोनवर अर्ध्या मिनिटात झालं असतं, त्याची नोंद रोज वरपर्यंत जाते आणि हळूहळू त्या तरुणाला मेल उघडायचीच धास्ती वाटू लागते. हा त्रास खरा आहे. पण पुढे जे बिघडतं, ते बहुतेक वेळा त्याच्या उत्तरामुळे बिघडतं.

खुलासा आधी, काम नंतर

सर्वांत जास्त घडणारी चूक हीच. मॅनेजर वाचणार म्हटल्यावर हात आधी स्वतःला वाचवायला धावतो. 'ताई, जीआरएन वेर्ण्याच्या गोदामातून स्टोअरवाले पाठवतात, त्यांनी पाठवलाच नव्हता. शिवाय मागच्या महिन्यात तुमच्याकडूनही एक बिल दोन वेळा एंटर झालं होतं.' यातला शब्द न् शब्द खरा असू शकतो. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, ती स्टोअरच करतो. पण मॅनेजरला या उत्तरातून दोनच गोष्टी दिसतात: नंबर अजून मिळालेला नाही, आणि दोघांचं भांडण लागलंय. त्यात स्टोअरचंही नाव आल्यामुळे उद्या तिसरा माणूस सीसीत येतो.

ताई इतक्या का अडून बसतात, तेही पाहायला हवं. पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय अकाउंट्सला पैसे सोडता येत नाहीत. जीएसटीचं मासिक रिटर्न भरणाऱ्या कंपनीत 14 तारखेला 2बी, म्हणजे खरेदीवर मिळू शकणाऱ्या कराच्या क्रेडिटचा तक्ता, तयार होतो आणि 20 तारखेपर्यंत 3बी, म्हणजे ते मासिक रिटर्न, भरायचं असतं. माल मिळाल्याचा पुरावा नसेल तर त्या बिलावरचं क्रेडिट घेता येत नाही. त्या आठवड्यात आलेल्या मेलचा सूर कडक असेल, तर त्यामागे तारखेचा ताण असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून उत्तराचा क्रम असा ठेवा: चूक असेल तर एका वाक्यात मान्य करा, मग काय केलं ते सांगा, मग उरलेलं कधी होईल ते. 'ताई, बरोबर, जीआरएन नंबर राहिला होता. नंबर घातलेली बिलाची प्रत सोबत जोडली आहे. या आठवड्यातल्या बाकी दोन बिलांचे नंबर स्टोअरकडून घेऊन आज 4 पर्यंत पाठवतो.' मेल इंग्रजीत लिहीत असाल तरी क्रम हाच. माफी एकदाच, तीही खरोखर काम अडलं असेल तर. छोट्या गोष्टीसाठी तीन वेळा 'सॉरी' लिहिलं, तर वाचणाऱ्याला ती चूक होती त्याहून मोठी वाटते.

चूक तुमची नसेल, तर कारण सांगा, पण माणसाकडे बोट दाखवू नका. 'नोंद काल संध्याकाळी झाली, त्यामुळे नंबर आज मिळाला' एवढं पुरतं.

राग आला असेल तर मसुदा लिहा, पण पत्त्याची ओळ रिकामी ठेवा. जीमेलमध्ये Undo Send ची मुदत सेटिंग्जमध्ये 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आजच वाढवून ठेवा.

मॅनेजरना गुपचूप वगळणं

उत्तर देताना Reply All ऐवजी Reply दाबलं की मॅनेजर आपोआप गळतात. तेव्हा सुटल्यासारखं वाटतं. पण त्यांनी तक्रार वाचलेली असते आणि निराकरण वाचलेलं नसतं. त्यांच्या लेखी ते काम अजून अडलेलंच आहे. म्हणून ज्या मेलने विषय मिटतो, त्यात ते असलेच पाहिजेत.

त्यानंतरची ये-जा वाढत असेल तर त्यांना उघडपणे बाहेर काढा. पहिल्याच ओळीत लिहा: 'सरांना बीसीसीत घेतले आहे, पुढचा तपशील आपण दोघे पाहू.' बीसीसीतल्या माणसाला हा मेल मिळतो, पण यापुढच्या Reply All मध्ये तो नसतो. हेच न सांगता केलं तर मात्र घात होतो, कारण बीसीसीतल्या मॅनेजरनी चुकून सर्वांना उत्तर दिलं की ताईंना सगळं कळतं आणि विश्वास गेला तो गेलाच.

उलट सीसीची गोष्ट वेगळी सांगायला नको. ताईंच्या पुढच्या चुकीवर तुम्हीही त्यांच्या साहेबांना सीसीत घेतलंत, तर दोन विभागांत रोज कागदोपत्री भांडण सुरू होतं आणि ते थांबवायला कुणालाच सोपं जात नाही.

मेलमध्येच समज देणं

'यापुढे आधी मला फोन करा' हे वाक्य कितीही सौम्य लिहा, मॅनेजरसमोर ते ताईंना दिलेली समज ठरतं. हे बोलणं त्यांच्या टेबलाजवळच व्हायला हवं, तेही विषय मिटल्यावर, 20 तारीख उलटून गेली की. आपल्याकडे मेल इंग्रजीत असला तरी समोरासमोर कोकणी-मराठीत बोललं की माणूस मोकळा होतो.

आधी विचारा: 'ताई, सरांनीच सीसीत ठेवायला सांगितलंय का?' अनेकदा उत्तर 'हो' असतं आणि निम्मा राग तिथेच उतरतो. 'नाही' म्हणाल्या तर सांगा: 'जीआरएन राहिला की तुमचं काम अडतं, हे मला कळतं. आधी थेट मला सांगाल का? त्याच दिवशी देतो. नाही दिला तर सरांना जरूर सीसीत घ्या.' शेवटचं वाक्य गाळू नका. त्यांचा सीसीचा हक्क तुम्ही काढून घेत नाही, फक्त आधी एक संधी मागता, आणि तेवढं कुणीही देतं.

पण तुमच्याकडून तीच चूक पुन्हा झाली, तर या बोलण्याला अर्थ उरत नाही. माल उतरला त्याच दिवशी स्टोअरने नंबर कळवायचा, असं त्यांच्याशी ठरवून घ्या. बिल त्यानंतरच अकाउंट्सला पाठवा.

तरीही थांबलं नाही तर

महिनाभर साधी नोंद ठेवा: तारीख, मुद्दा, चूक खरी होती का, कधी दुरुस्त झाली. नोंदीत बहुतेक चुका खऱ्याच दिसल्या तर आधी काम सुधारा. तसं नसेल तर मॅनेजरकडे जा, पण ताईंची तक्रार घेऊन नको. कामाची पद्धत विचारा: 'सर, बिलांच्या प्रत्येक मेलमध्ये तुम्हाला ठेवायचं, की दोन दिवसांत उत्तर आलं नाही तरच?' निर्णय त्यांचा होतो आणि दोघांनाही तो लागू होतो. ते 'ठेवा' म्हणाले तर सीसी हा नियम समजून चला.

दर्जातपासणी, सुरक्षितता किंवा ऑडिटच्या बाबतीत वरिष्ठांना प्रत जाणं हा कामाचाच भाग असतो, तिथे हा विषय काढू नका. आणि मेलमधला मजकूर चुकीवरून तुमच्या जातीवर, बाईपणावर किंवा घरावर घसरला असेल, तर वरचं काही लागू नाही. ते मेल जपून थेट एचआरकडे जा.

कधी मॅनेजर स्वतःच त्या साखळीत लिहितात, 'काय झालं याचं?' तेव्हा मागचा इतिहास सांगू नका. 'सर, तिन्ही नंबर काल 4 वाजता ताईंना दिले आहेत', एवढंच लिहा.