बँक स्टेटमेंट काढताना या चुका टाळा: ‘बारा महिने’ म्हणजे आर्थिक वर्ष नव्हे

जुलै महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात आयकर रिटर्नच्या कागदांची रीघ लागते. गेल्या वर्षी, १० जुलै २०२५ ला, कळव्याहून एक ताई आल्या. घरगुती डबे करून देतात, पैसे बहुतेक यूपीआयने खात्यात येतात. मोबाइल पुढे करत म्हणाल्या, “दादा, अख्ख्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढून आणलंय, आता काही मागू नका.”

फाइल उघडली तर पहिली नोंद १० जुलै २०२४ ची. त्यांनी नेट बँकिंगमध्ये `Last 12 Months` निवडलं होतं. हा पर्याय आजपासून मागे मोजतो. रिटर्नला लागतं १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. म्हणजे १ एप्रिल ते ९ जुलै २०२४ हे पूर्ण १०० दिवस फाइलमध्ये नव्हतेच, आणि नको असलेले पुढच्या वर्षाचे १०० दिवस आत आले होते. दिवस तेवढेच भरतात, म्हणून चूक डोळ्यांत येत नाही. तयार पर्याय सोडा, `From` आणि `To` मध्ये तारखा स्वतः घाला. डाउनलोड झाल्यावर पहिली आणि शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे ते तिथल्या तिथे बघा.

मग आम्ही पुन्हा काढायला बसलो. त्यांची बँक एका वेळी सहाच महिने देते, म्हणून दोन तुकडे केले. ताईंनी पहिला १ एप्रिल ते ३० सप्टेंबर काढला आणि दुसरा ३० सप्टेंबरपासून सुरू केला. एका दिवसाचा फरक, पण त्या दिवशी ४,८०० रुपयांची ऑर्डर जमा झाली होती आणि ती दोन्ही तुकड्यांत आली. हे ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या तुकड्याची अखेरची शिल्लक आणि दुसऱ्याची सुरुवातीची शिल्लक एकच असायला हवी. इथे पहिला ४१,२६० वर संपत होता आणि दुसरा ३६,४६० वर सुरू होत होता. फरक बरोबर ४,८००. दुसरा तुकडा १ ऑक्टोबरपासून काढला आणि सांधा जुळला.

शेवटी पूर्ण वर्षाचा ताळा घेतला. सुरुवातीची शिल्लक १८,४५०, जमा ५,८६,२००, नावे ५,६१,९४०, म्हणजे अखेर ४२,७१० यायला हवेत. ३१ मार्चला स्टेटमेंटवर तेवढेच होते. हा ताळा कितीही घाई असली तरी मी सोडत नाही. एखादं पान गळलं असेल तर इथेच कळतं.

एक बारीक गोष्ट व्याजाची. काही बँका मार्चअखेरचं बचत खात्याचं व्याज १ एप्रिलच्या ओळीत दाखवतात, शेजारच्या `Value Date` च्या रकान्यात मात्र ३१ मार्च असतं. ३१ मार्चला थांबलात तर ही ओळ सुटते, आणि वर्षाच्या सुरुवातीला १ एप्रिलची ओळ मागच्या वर्षाची निघते. म्हणून व्याज स्टेटमेंटवरून वेचत बसू नका. नेट बँकिंगमधून त्या वर्षाचं व्याज प्रमाणपत्र वेगळं काढा आणि आयकर पोर्टलवरच्या एआयएसशी, म्हणजे तुमच्या वार्षिक माहिती विवरणाशी, ताडून बघा.

पासवर्ड चालत नाही तेव्हा

ताईंची पीडीएफ फाइल उघडायलाही दहा मिनिटं गेली. त्या जन्मतारीख घालत होत्या, फाइल नकार देत होती. खातं जोडीचं होतं आणि पहिलं नाव यजमानांचं. अशा खात्याचा पासवर्ड बहुधा पहिल्या खातेदाराच्या माहितीवरून बनतो. यजमानांची जन्मतारीख घातल्याबरोबर फाइल उघडली.

पासवर्डची रीत प्रत्येक बँकेची वेगळी: कुठे कस्टमर आयडी, कुठे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारखेचा दिवस-महिना, कुठे मोबाइल नंबरचे शेवटचे आकडे. ती बँकेच्या ईमेलमध्ये किंवा डाउनलोडच्या पानावर लिहिलेली असते, अंदाज बांधण्याआधी ती वाचा. नाव बँकेच्या नोंदीत जसं आहे तसं धरायचं. तिथे आडनाव आधी असेल तर चार अक्षरं आडनावाची. मोबाइल नंबर बदलला असेल तर जुन्या फाइलला जुनाच नंबर लागतो. फोन पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, तेही तपासा. आणि कीबोर्ड मराठीवर असेल तर 7 च्या जागी ७ पडू शकतो. आपल्याला दोन्ही सारखेच, फाइलला नाही.

फाइलचा पासवर्ड चुकला म्हणून खातं लॉक होत नाही, घाबरू नका. पण तिथे नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीही घालायचा नाही. आणि पासवर्ड काढून देणाऱ्या वेबसाइटवर स्टेटमेंट चढवू नका. तुमचा पत्ता, खाते क्रमांक आणि वर्षभराचे व्यवहार अनोळखी माणसाच्या हाती जातात.

एक्सेलमध्ये उलटणाऱ्या तारखा

बेरजा करायला आम्हाला एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल लागते. बँक `05/04/2024` लिहिते ते ५ एप्रिल. पण कॉम्प्युटरवर अमेरिकेची सेटिंग असेल तर एक्सेल त्याला ४ मे समजतं. `18/04/2024` मध्ये मात्र अठरावा महिना नसल्याने ते तसंच मजकूर म्हणून राहतं. खूण अशी: तारखांच्या रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात. उजवीकडच्या उलटलेल्या असतात. वर्षाची बेरीज जुळते, महिन्यांची सगळी चुकते.

उपाय फाइल उघडण्याआधी करायचा. विंडोजच्या `Region` मध्ये `English (India)` निवडा आणि मूळ फाइल पुन्हा उघडा. उलटलेली फाइल दुरुस्त करत बसू नका. आणि मूळ सीएसव्हीवर कधीच `Save` दाबू नका, कॉपी करून त्यावर काम करा. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच नीट सांभाळतं. त्याहून लांब संदर्भ क्रमांक असेल तर पुढच्या अंकांची शून्यं होतात, आणि सेव्ह केल्यावर ते परत मिळत नाहीत.

कर्जासाठी मूळ पीडीएफच

ताईंनी नंतर गृहकर्जासाठी हेच खातं दाखवलं. तिथे गेले सहा महिने मागितले होते. पासवर्डची कटकट नको म्हणून त्यांनी फाइल क्रोममध्ये उघडून `Print` मधून `Save as PDF` केली आणि ती पाठवली. चार दिवसांनी परत आली. अशी नवी फाइल वाचायला तीच दिसते, पण बँकेची डिजिटल सही त्यात उरत नाही आणि फाइल क्रोमने बनवल्याची नोंद आत राहते. कर्ज देणारे फेरफार शोधताना नेमकं हेच बघतात. मूळ डाउनलोड केलेली फाइल पासवर्डसकट पाठवली, पासवर्ड वेगळ्या मेसेजने कळवला, आणि या वेळी ती स्वीकारली गेली. पासवर्ड काढलेली प्रत घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःला बघायला खुशाल ठेवा, फक्त तिच्या नावात ‘प्रत’ असं लिहून ठेवा म्हणजे घाईत तीच पुढे जात नाही.